तिला टेन्शन देऊ नका

घाबरायचा मला पगार मिळतो. मी लिफ्टची तपासणी करते. लोक आत शिरतात, बटण दाबतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालून वर जातात. दोर तुटला तर काय, हा प्रश्न त्यांच्या वतीने मी आधीच विचारून ठेवलेला असतो. दोर एक नसतो, अनेक असतात. तरीही समजा, सगळे तुटले. तर लिफ्टचा वेग वाढताच वरचं एक चाक अडकतं आणि लिफ्टखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट चावतात. ते खरंच चावतात की नुसतेच बसलेत, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही. ऑफिसात माझं नाव शंकासुर पडलं आहे. मला ते नाव आवडतं.

पोटात बाळ आल्यापासून मात्र हा शंकासुर सुट्टी घेईना. बाळ आत नीट आहे ना? मघाशी लाथ मारली ती लाथच होती की पोटातला वारा? कळा सुरू झाल्या आणि मला कळलंच नाही तर? मूल हातातून पडलं तर? पडलं नाही, पण मला ते आवडलंच नाही तर? पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा घरात सगळे म्हणाले, आता त्याचा विचार करू नकोस. मी ऐकलं. विचार करायचा नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी दिवसभर त्याचाच विचार करावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

या खेपेला घराने पक्की तयारी केली होती. सासूबाईंचा एकच कायदा: तिला टेन्शन द्यायचं नाही. मी खोलीत आले की बातम्या बंद व्हायच्या. शेजारच्या काकू कुणाच्या तरी बाळंतपणाचं सांगायला लागल्या की सासूबाई त्यांना खोकून गप्प करायच्या. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. जगातले भूकंप, पूर, ज्वालामुखी त्याला तोंडपाठ आहेत. पण घरात त्याच्याकडे एकच वाक्य उरलं होतं.

"अरे, मला आज छातीत धडधडतंय."

"सगळं ठीक होईल."

"होईल म्हणजे, आत्ता नाहीये का?"

"अगं, तसं नाही. सगळं ठीकच आहे. आणि होईल."

मग सहावा महिना सरत असताना घरात काहीतरी बदललं.

आधी चहातली साखर गेली. माझ्या एकटीच्या नव्हे, सगळ्यांच्या. "आम्हाला आता अगोडच आवडतो," असं सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी कपाच्या तळाशी उरलेली साखर बोटाने चाटली आहे. मग केळी गायब झाली आणि त्या जागी काकड्या आल्या. बिस्किटांचा डबा धुवायला म्हणून गेला तो परत आला नाही. पानातला भात रोज थोडा थोडा आटत गेला. जेवण झालं की नवरा म्हणायचा, "चल, जरा पाय मोकळे करू." लग्नानंतर या माणसाने स्वतःहून कधी पाय हलवले नव्हते. आणि फोन वाजला की तो गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचा.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"कुठे काय?" दोघं एकदम म्हणाले. दोन साक्षीदार त्याच शब्दांत उत्तर द्यायला लागले की समजावं, तालीम झालेली आहे.

माझ्या कामात एक अनुभव ठरलेला आहे. एखाद्या इमारतीत गेल्यावर दारांना ताजं तेल दिसलं, तर मी दारं बघत बसत नाही. सरळ वर जाते. बिघाड दुसरीकडे असतो आणि मला खाली रमवायचं असतं. घरात आता सगळीकडे तेलाचा वास येत होता. पण वर जायला जिना सापडत नव्हता.

मग मी स्वतःच अंदाज बांधायला घेतले. शेवटच्या सोनोग्राफीत डॉक्टरबाई मध्येच गप्प झाल्या होत्या. पडद्याकडे बघत त्यांनी पोटावरचं यंत्र एकाच जागी दोनदा फिरवलं होतं. त्या नंतर "छान आहे" म्हणाल्या होत्या, पण आधी गप्प होत्या हे नक्की. हृदय असणार. बाळाच्या हृदयात काहीतरी आहे. नवऱ्याला सांगितलंय, मला नाही. एकदा हे गृहीत धरल्यावर सगळे पुरावे आपोआप तिकडेच बोट दाखवू लागले. फिरायला नेतात, कारण बाळाला प्राणवायू हवा. साखर बंद, कारण हृदयाला साखर वाईट असेल. मी विज्ञान शिकलेली बाई; आधी निष्कर्ष आणि मग निरीक्षणं, असा उलटा प्रवास मी दुसऱ्या कुणाला करू दिला नसता. पण इंटरनेट उघडलं की ते मला हवं तेच दाखवायचं. एक आजार शोधला की दहा वर डोकावायचे, आणि मी दहाही वाचायची.

त्या दिवशी आम्ही एका दवाखान्याच्या जुन्या इमारतीत होतो. पोट दिसायला लागल्यापासून मी लिफ्टच्या टपावर चढत नाही की खालच्या खड्ड्यात उतरत नाही. ते बुवा करतो. बुवा म्हणजे माझा जोडीदार. कुठल्याही विषयावर प्रवचन देतो म्हणून बुवा. तो खाली होता, मी वर मशीनरूममध्ये. चाक अडकवायचं, जबडे चावले की त्याने खालून आवाज द्यायचा, इतकं साधं काम. मी हात पुढे केला आणि बोटं मुंग्यांनी भरली. ओठही बधिर झाले. छातीवर कुणीतरी बसलं. श्वास घेतेय, घेतेय, आणि तरी पुरत नाही. हृदय, मला वाटलं. बाळाचं नाही, आता माझं.

"ओ मॅडम! जबडे चावणार का नाही आज?" खालून बुवा ओरडला. उत्तर आलं नाही तसा तो जिने चढत आला. मला बघून त्याने हातातली बॅटरी खाली ठेवली आणि, नवलच, प्रवचन दिलं नाही.

"बसा. भिंतीला टेका. आत घेऊ नका इतका श्वास, बाहेर सोडा. हळू. गरम चहावर फुंकर मारतो ना, तशी."

मी फुंकर मारली. पुन्हा मारली. बऱ्याच फुंकरांनंतर बोटं माझी झाली.

"बायकोला होतं असं कधीकधी," बुवा म्हणाला. "पण तुम्ही पोटुशा आहात. मी सांगून चालायचं नाही. दवाखान्यात फोन लावा."

मी प्रसूतिगृहात फोन लावला. तिथल्या सिस्टरांचा आवाज जाड आणि बिनघाईचा आहे. रक्तस्राव आहे का, पाणी गेलंय का, पोटात दुखतंय का, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ हलतंय का, असं त्यांनी क्रमाने विचारलं. नेमक्या त्याच क्षणी बाळाने अशी लाथ मारली की मी फोनवरच "आई गं" म्हणाले.

"हलतंय वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "तरी आज येऊन जा. छातीत धडधड आणि दम लागणं आम्ही फोनवर सोडून देत नाही. आणि तशीही आम्ही तुमची वाटच बघतोय. साखरेच्या मोठ्या तपासणीला आला नाहीत अजून."

"कसली तपासणी?"

"अहो, ग्लुकोजचं पाणी पिऊन रक्त दिलं होतं ना? त्यात साखर जास्त आली. मोठी तपासणी करायची म्हणून तुमच्या मिस्टरांना गेल्या आठवड्यातच कळवलं. नंबर त्यांचाच आहे आमच्याकडे. ते म्हणाले, योग्य वेळ बघून आणतो."

मशीनरूममध्ये मी मोठ्याने हसले. बुवा दचकला. साखर! मी मनातल्या मनात बाळाचं हृदय उघडून टाके घालून बंद केलं होतं, त्याचा अंत्यविधीसुद्धा उरकला होता, आणि भानगड होती साखरेची! मग हसू संपलं आणि राग आला. तो इतका स्वच्छ होता की मला बरं वाटलं.

मी फोन केल्यावर नवरा शाळेतून, सासूबाई घरून, असे दोघंही माझ्या मागोमाग प्रसूतिगृहात पोचले. तोवर डॉक्टरबाईंनी माझी नाडी, रक्तदाब, छाती तपासली होती, बाळाचे ठोके मला ऐकवले होते, रक्त कमी नाही ना तेही बघायला घेतलं होतं. सोनोग्राफीतल्या त्या शांततेबद्दलही मी विचारून टाकलं. "बाळ पाठ करून बसलं होतं," त्या म्हणाल्या, "मी वाट बघत होते. हृदयाचे चारही कप्पे नीट दिसले. तेव्हाच का नाही विचारलंत?" घाबरण्याचा झटका होता, असं त्यांचं मत पडलं. भरभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात. बाळाला त्याने काही झालेलं नाही.

सिस्टरांच्या खोलीत नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी? बारशाला?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"अगं, तू आधीच किती घाबरट," सासूबाई मध्ये पडल्या. "त्यात हे कशाला? आम्ही आपलं गुपचूप पथ्य सुरू केलं. साखर बंद, भात कमी. काय चुकलं आमचं?"

सिस्टर इतका वेळ काहीतरी भरत होत्या, त्यांनी मान वर केली. "भात कमी? कधीपासून?"

सासूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. केळी, बटाटे, बिस्किटं, हळूहळू लहान होत गेलेली भाताची मूद.

"मग उद्या तपासणी नाही करता येणार," सिस्टर म्हणाल्या. "या तपासणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं असतं. शरीराला भाताबटाट्याची सवय तुटली आणि एकदम ग्लुकोजचं पाणी पाजलं, तर साखर नसलेल्या बाईलाही साखर आहे असं दिसू शकतं. उत्तर खोटं येतं, कळलं का?"

नवऱ्याने डोळे मिटले. माझ्यापासून लपवलेली तपासणी त्या दोघांनी स्वतःच बिघडवून ठेवली होती. मला टोमणा सुचला होता, चांगला सुचला होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी तो गिळला.

"आणि हो," सिस्टर सासूबाईंना म्हणाल्या, "ही साखर गोड खाल्ल्याने आलेली नसते. बाळाच्या वारेतून जी हार्मोन्स रक्तात उतरतात, त्यांच्यामुळे येते. कुणाचा दोष नाही. असलीच तर जेवण, चालणं, लागलं तर इंजेक्शन. इलाज आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता थोडे प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत काळजी थांबवता येत नाही, असं किती वेळा..."

"छे छे," सासूबाई म्हणाल्या. "मजेत असते. आम्ही काही कमी पडू देत नाही."

"आई, प्रश्न मला विचारलाय."

"अगं, पण ते लिहून घेतात. उद्या लोक म्हणतील, डोक्याने..."

"म्हणू देत. सिस्टर, लिहा. जवळजवळ रोज. झोप लागत नाही. लागली तर दचकून उठते. बाळाचे कपडे घ्यायला दुकानात गेले आणि न घेता परत आले, कारण घेतले तर ते राहणार नाही असं वाटलं. मागच्या खेपेचं मी कुणाशीच बोललेले नाही. आणि दिवसातून शंभरदा कुणीतरी 'काळजी करू नकोस' म्हणतं, तेव्हा मला भांडी फेकावीशी वाटतात. तेही लिहा."

सासूबाईंनी पदर सावरला. नवरा हळूच म्हणाला, "शंभरदा?"

"तू एकटा साठदा."

सिस्टरांनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. नवऱ्याला दार नीट लावून घ्यायला सांगितलं, आणि त्याने ते अतिशय नीट लावलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का? नाही, मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"हे अंगावर काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात इतकी काळजी दर पाच-सहा जणींत एकीला तरी लागते. आमच्याकडे समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याशी या आठवड्यातच बोला. बोलून भागलं नाही तर गरोदरपणात चालणारी औषधंही असतात, ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला 'घाबरू नका' सांगून उपयोग नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या बाईविषयी मला एकदम प्रेम वाटलं. "एक करा. काळजी आली की विचारा, हिच्यात काही काम आहे का? बाळाची हालचाल कमी वाटली, यात काम आहे; लगेच इथे यायचं, संकोच करायचा नाही, दहादा आलात तरी चालेल. मूल आवडलं नाही तर, यात आज काहीच काम नाही. तिला सांगायचं, संध्याकाळी ये. संध्याकाळी अर्धा तास तिच्यासाठी ठेवायचा. काय घाबरायचं ते तेव्हा पोटभर घाबरा. आणि इंटरनेटवरून आजार नका शोधू. त्याला तुमची नाडी बघता येत नाही."

"आणि बाळंतपणाची भीती?"

"खोली बघितलीय?"

बघितली नव्हती. आम्ही तिथे सगळे मिळून गेलो. नवऱ्याला मीच हाक मारली. खोली रिकामी होती. मधोमध पलंग, कोपऱ्यात बाळाला ऊब देणारं टेबल, भिंतीत प्राणवायूची नळी. सिस्टर म्हणाल्या, "विचारा काय ते."

मी विचारलं. वीज गेली तर? जनरेटर आहे, आणि तो चालू व्हायच्या आधी बॅटरीवरचे दिवे. बाळ रडलं नाही तर? त्यांनी मला टेबलाशी नेलं आणि क्रमाने सांगितलं: आधी पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची, तरी नाही तर या मास्कने श्वास द्यायचा. हे रोज सकाळी तपासतात. माझा रक्तस्राव थांबला नाही तर? औषधं कुठल्या कपाटात, कोण धावत येतं, पुढे शस्त्रक्रियेची खोली किती पावलांवर. प्रत्येक उत्तरानंतर नवरा पांढरा होत होता आणि माझे खांदे खाली येत होते. सगळं ठीक होईल, असं त्या खोलीत कुणीही म्हणालं नाही. ठीक झालं नाही तर काय करायचं, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. इतके महिने मला तेवढंच हवं होतं.

"तुला हे ऐकून बरं वाटतंय?" नवऱ्याने विचारलं.

"हो. तुला?"

"मला बसायला हवं."

तो बाहेरच्या बाकावर बसला आणि खाली बघत बोलला. मागच्या खेपेला तपासणीच्या खोलीच्या दारात तो उभा होता, आणि डॉक्टर बोलत असताना माझा चेहरा त्याने बघितला होता. तो चेहरा पुन्हा बघायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. फोन आला तेव्हा त्याला फक्त तो चेहरा आठवला.

"म्हणजे तू घाबरलास," मी म्हणाले.

"हो."

"मग तसं सांग की. तुझी भीती लपवायला माझं पोट वापरू नकोस. तिथे आधीच दाटी आहे."

त्याला हसू आलं, डोळ्यांत पाणीही. पण मी तिथे थांबले नाही. सिस्टरांकडे परत गेले आणि त्याचा नंबर काढून माझा लिहायला लावला. घरी आल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं, माझ्या शरीराची बातमी आधी मला. मग मी ठरवीन कुणाला, कधी सांगायचं. रडेन, ओरडेन, ते माझं. आणि आज रात्री मला पोटभर भात हवा, सिस्टरांचा हुकूम आहे.

"एवढी कडक तपासणी आमच्या वेळी नव्हती बाई," सासूबाई पुटपुटल्या.

"तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं का, कसं वाटतंय म्हणून?"

"कोण विचारणार? मी संडासात जाऊन रडायची. बाहेर येऊन म्हणायची, कांदा चिरत होते." त्या थांबल्या. "संडासात कसला कांदा! पण कुणी ओळखलं नाही."

त्या भात टाकायला उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही, मीही उठून शेजारी उभी राहिले.

त्यानंतर तीन दिवस मी नेहमीसारखी जेवले. समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या खेपेबद्दल बोलायला सुरुवात केली आणि वेळ संपेपर्यंत थांबले नाही. संध्याकाळचा अर्धा तास सुरू झाला. कधी त्यात दोनच काळज्या उरायच्या, कधी अर्धा तास पुरायचा नाही. श्वास लांब सोडायची सवय मी बसस्टॉपवर लावून घेतली. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती येते. पण हल्ली ती येताना दार वाजवते.

तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला सिस्टरांनी मला बोलावलं. नवरा सोबत होता. त्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत थांबल्या.

"सांगा," मी म्हणाले. "त्यालाही ऐकू दे."

साखर होती. खरीच, या वेळी. छाती धडधडली, मी श्वास सोडला आणि विचारलं, "आता काय करायचं?" त्यांनी एक छोटं यंत्र पुढे ठेवलं आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब कसा घ्यायचा ते दाखवलं. मी टोचलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

घरी दार सासूबाईंनी उघडलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांच्या तोंडात ते 'काळजी करू नकोस' आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. मला ते दिसत होतं.

"साखर निघाली, आई," मी म्हणाले. "आणि मी घाबरले आहे."

त्यांनी तोंड मिटलं. मग खुर्ची माझ्याकडे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "कशाची भीती वाटतेय ते सांग. सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मी बसले आणि सांगायला लागले. त्या दोनदा मध्ये बोलल्याच. पण मी पुढे सांगत राहिले.